खोकल्यावरील औषधे : कोडीन आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांतील भेद

चेन्नई येथील शासकीय औषध परीक्षण प्रयोगशाळेत ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या दोन दिवसांत एका सिरपच्या नमुन्याची तपासणी झाली. सिरपचे नाव कोल्ड्रिफ, बॅच क्रमांक एसआर-१३, उत्पादक कांचीपुरम जिल्ह्यातील स्रेसन फार्मास्युटिकल ही कंपनी. प्रयोगशाळेच्या अहवालानुसार या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के इतक्या प्रमाणात आढळले. हेच सिरप मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया परिसरात, सर्दी-खोकल्याने आजारी असलेल्या लहान मुलांना दिले गेले होते. वीसहून अधिक मुले मृत्युमुखी पडली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणण्यात आले होते.

या घटनेत विषाकडे सर्वांचे लक्ष गेले आणि ते साहजिकच होते. मात्र औषधशास्त्राच्या अभ्यासकाने त्या बाटलीचे लेबलही वाचायला हवे. त्यावर तीन औषधे नमूद होती : पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन मॅलिएट. पॅरासिटामॉल ताप उतरवते, फेनिलेफ्रिन नाकातील रक्तवाहिन्या आकुंचित करून नाक मोकळे करण्यासाठी दिले जाते आणि क्लोरफेनिरामिन हे ॲलर्जीरोधक शिंका व नाकाचे वाहणे कमी करते. खोकला थांबवणारे किंवा कफ सोडवणारे औषध या तिघांत एकही नाही. वृत्तपत्रांनी ज्याला सर्रास ‘कफ सिरप’ म्हटले, ते औषधशास्त्राच्या भाषेत सर्दीवरील मिश्रण होते.

हा फरक शब्दांपुरता नाही. दुकानात एकाच फळीवर, सारख्याच रंगाच्या बाटल्यांत परस्परविरोधी कामे करणारी औषधे ठेवलेली असतात. एक खोकला दाबते, दुसरे खोकल्यावाटे कफ बाहेर पडावा म्हणून असते, तर तिसऱ्याचा खोकल्याशी थेट संबंधच नसतो. म्हणून प्रथम खोकला म्हणजे काय हे पाहणे आवश्यक ठरते.

खोकला : संरक्षक प्रतिक्षिप्त क्रिया

स्वरयंत्र, श्वासनलिका आणि तिच्या मोठ्या शाखा यांच्या अस्तरात संवेदनशील चेतातंतूंची टोके असतात. धूळ, धूर, साचलेला कफ किंवा विषाणूंमुळे आलेली सूज यांनी ती उत्तेजित झाली की संदेश व्हेगस चेतेमार्फत मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतील कासकेंद्राकडे जातो. तेथून उलट आज्ञा येते : खोल श्वास घेतला जातो, स्वरद्वार बंद होते, पोटाचे व छातीचे स्नायू आवळले जातात आणि स्वरद्वार एकाएकी उघडून हवा जोराने बाहेर फेकली जाते. तिच्याबरोबर कफही बाहेर येतो.

या साखळीत औषधाला हस्तक्षेप करण्याच्या दोन जागा आहेत. एक, लंबमज्जेतील केंद्राचा उंबरठा वाढवणे, म्हणजे तेवढ्याच उत्तेजनेने खोकला येणार नाही असे करणे. हे काम करणाऱ्या औषधांना कासशामक किंवा अँटिटसिव्ह म्हणतात. कोडीन, फोल्कोडीन, नोस्कॅपीन आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन ही या गटातील परिचित नावे होत. दुसरी जागा म्हणजे कफ. तो जास्त पाणीदार करणारी औषधे कफोत्सारक अथवा एक्स्पेक्टोरंट होत, तर त्याची रासायनिक घडण मोडून तो पातळ करणारी औषधे श्लेष्मविलयक अथवा म्युकोलिटिक होत.

शेवटच्या दोन गटांत विद्यार्थ्यांची गल्लत होते, कारण दोन्हींचा परिणाम वरवर सारखाच दिसतो. ग्वायफेनेसिन आणि अमोनियम क्लोराइड ही कफोत्सारके जठराच्या अस्तराला किंचित चाळवतात. त्यातून प्रतिक्षिप्त क्रियेने श्वासनलिकांतील ग्रंथींचा स्राव वाढतो, असे त्यांच्या कार्याचे स्पष्टीकरण दिले जाते. कफाचे पाणी वाढते, पण त्यातील रेणू तसेच राहतात. श्लेष्मविलयक मात्र त्या रेणूंवरच काम करतो. कफाला चिकटपणा देणारी म्युसिन प्रथिने डायसल्फाइड बंधांनी एकमेकांशी सांधलेली असतात. ॲसिटिलसिस्टीन ते बंध तोडते. ब्रोमहेक्सिन कफातील लांब तंतू तोडून त्याचा चिकटपणा घटवते, आणि ॲम्ब्रॉक्सॉल हे ब्रोमहेक्सिनचेच शरीरात तयार होणारे क्रियाशील रूप आहे. ब्रोमहेक्सिनचे मूळ मराठी घरांना अपरिचित नाही : अडुळशाच्या पानांतील व्हॅसिसीन या अल्कलॉइडवरून हा रेणू प्रयोगशाळेत घडवण्यात आला. कफाप्रमाणेच जठराचे संरक्षण करणारा श्लेष्माचा थरही या औषधांनी पातळ होऊ शकतो, म्हणून जठरव्रण असलेल्या रुग्णात ती जपून दिली जातात.

यावरून एक निष्कर्ष आपोआप निघतो. कफ पातळ करणारे औषध खोकल्यावर अवलंबून असते, कारण पातळ झालेला कफ शेवटी खोकूनच बाहेर काढायचा असतो. त्याच बाटलीत कासशामक घातले तर एक घटक कफ सोडवतो आणि दुसरा तो बाहेर पडण्याचा मार्ग मंद करतो. तरीही अशी मिश्रणे भारतीय बाजारात अनेक वर्षे विकली गेली. केंद्र सरकारने २ जून २०२३ रोजी ज्या १४ निश्चित मात्रा संयोगांवर बंदी घातली, त्यांत ब्रोमहेक्सिन, डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि अमोनियम क्लोराइड यांचे मिश्रण होते. क्लोरफेनिरामिन व कोडीन यांचे सिरपही त्याच यादीत होते.

कोडीन : अफूचा वारसा

कोडीन हे अफूतील नैसर्गिक अल्कलॉइड. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पिएर रोबिके यांनी ते १८३२ साली वेगळे केले. रासायनिकदृष्ट्या ते मॉर्फिनचेच मिथिल रूप आहे. भारतात अफूची परवानाधारक शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील निवडक भागांत होते. तिचे नियंत्रण ग्वाल्हेरस्थित केंद्रीय अमली पदार्थ ब्युरोकडे आहे आणि नीमच व गाझीपूर येथील शासकीय कारखान्यांत अफूवर प्रक्रिया होते. खोकल्याच्या बाटलीतील औषधाची सुरुवात अशी सरकारी देखरेखीखालील शेतात होणे हे कोडीनचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

शरीरात कोडीन ओपिऑइड ग्राहकांवर, विशेषतः ‘म्यू’ ग्राहकांवर, परिणाम करते. कासकेंद्र शमते, परंतु हेच ग्राहक श्वसनकेंद्रात, आतड्यात आणि मेंदूच्या सुखानुभूतीच्या मार्गांतही असतात. त्यामुळे बद्धकोष्ठता, गुंगी, सवय लागणे आणि अधिक मात्रेत श्वसन मंदावणे हे परिणाम मुख्य कार्यापासून वेगळे काढता येत नाहीत. प्रौढांत कासशमनासाठी १० ते २० मिलिग्रॅम दर चार ते सहा तासांनी, आणि दिवसाला जास्तीत जास्त १२० मिलिग्रॅम, ही पाठ्यपुस्तकांतील मात्रा आहे.

कोडीनचे खरे वैशिष्ट्य मात्र त्याच्या पुढील प्रवासात आहे. यकृतातील सीवायपी-२डी६ नावाचे विकर कोडीनच्या एका लहान भागाचे, साधारण ५ ते १० टक्क्यांचे, मॉर्फिनमध्ये रूपांतर करते. हे विकर घडवणारे जनुक सर्वांत सारखे नसते. काहींत ते जवळजवळ निष्क्रिय असते. अशा व्यक्तीत कोडीनपासून मॉर्फिन जवळपास बनतच नाही आणि वेदनाशमन मिळत नाही. काहींत जनुकाच्या जादा प्रती असतात. त्यांच्यात नेहमीच्या मात्रेतूनही अल्पावधीत बरेच मॉर्फिन तयार होते. लहान मुलाचे श्वसनकेंद्र हा भार पेलू शकत नाही. डॉक्टरने योग्य मात्रा लिहिली, पालकांनी ती मोजून दिली, तरीही मूल दगावू शकते, आणि मूल कोणत्या प्रकारचे आहे हे आधी कळत नाही. याच कारणास्तव युरोपीय औषध संस्थेने २०१५ मध्ये १२ वर्षांखालील मुलांच्या खोकल्या-सर्दीसाठी कोडीन निषिद्ध ठरवले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तशीच मनाई केली आणि पुढील वर्षी ओपिऑइडयुक्त खोकल्याची औषधे १८ वर्षांवरील व्यक्तींपुरती मर्यादित केली.

एवढी जोखीम पत्करून मिळते काय, हा प्रश्न विचारणे भाग आहे. सामान्य सर्दीतील खोकल्यात आणि दीर्घकालीन श्वसनरोगातील खोकल्यात झालेल्या नियंत्रित चाचण्यांत कोडीन निष्प्रभ नकली औषधापेक्षा सरस ठरले नाही. दीर्घकाळ ‘आदर्श कासशामक’ म्हणून पाठ्यपुस्तकांनी गौरवलेल्या औषधाविषयी हे वाचून आश्चर्य वाटेल. पण सर्दीचा खोकला बहुधा आपसूक कमी होतो आणि सिरपचा गोडवा व घशाला मिळणारा ओलावा हेही थोडा आराम देतात. त्याचे श्रेय औषधाच्या पदरात पडत आले.

डेक्स्ट्रोमेथॉर्फन : आरशातील प्रतिमा

डेक्स्ट्रोमेथॉर्फन हा पूर्णतः कृत्रिम रेणू असून त्याला अफूच्या शेताची गरज नाही. अमेरिकेत खोकल्यावरील औषध म्हणून त्याला १९५८ मध्ये मान्यता मिळाली. कोडीनसारखे कासशमन करणारे परंतु व्यसन न लावणारे औषध शोधण्याच्या प्रयत्नातून ते पुढे आले.

त्याचे नावच त्याची ओळख सांगते. मेथॉर्फन या रेणूची दोन रूपे असतात, उजव्या आणि डाव्या हातासारखी. घटक तेच, जोडणी तीच, केवळ अवकाशातील ठेवण उलट. डावे रूप, लेव्होमेथॉर्फन, हे प्रबळ ओपिऑइड आहे. उजवे रूप, डेक्स्ट्रोमेथॉर्फन, ओपिऑइड ग्राहकात नीट बसतच नाही. डाव्या हातमोज्यात उजवा हात जाऊ नये तसा हा प्रकार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९६१ च्या अमली पदार्थविषयक करारात लेव्होमेथॉर्फन आणि दोन्ही रूपांचे मिश्रण असलेले रेसेमेथॉर्फन यांचा समावेश आहे. डेक्स्ट्रोमेथॉर्फनला मात्र तेथे स्पष्ट शब्दांत वगळले आहे. रेणूची केवळ दिशा बदलल्याने कायद्याची तरतूद बदलते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

मग डेक्स्ट्रोमेथॉर्फन खोकला कसा शमवते? ते कासकेंद्राचा उंबरठा वाढवते. या कार्यात सिग्मा-१ ग्राहक आणि एनएमडीए ग्राहक यांचा सहभाग मानला जातो. नेहमीच्या मात्रेत वेदनाशमन होत नाही, बद्धकोष्ठता फारशी होत नाही आणि श्वसन मंदावत नाही. प्रौढांत १० ते २० मिलिग्रॅम दर चार तासांनी किंवा ३० मिलिग्रॅम दर सहा ते आठ तासांनी दिले जाते. दिवसाची कमाल मर्यादा कोडीनप्रमाणेच १२० मिलिग्रॅम आहे. आकडा सारखा असला तरी ती ओलांडल्यावर जे घडते ते सर्वस्वी वेगळे असते.

रुग्ण शुद्ध हरपलेल्या अवस्थेत आणला गेला आणि जवळ रिकामी बाटली सापडली, तर डॉक्टर आधी डोळ्यांच्या बाहुल्या पाहतात. कोडीनच्या विषबाधेत त्या टाचणीच्या टोकाएवढ्या आकुंचित होतात, श्वासाची गती घटते आणि नॅलोक्सोन हे प्रतिविष दिल्यावर श्वसन सुधारते. डेक्स्ट्रोमेथॉर्फनच्या अतिमात्रेत बाहुल्या बहुधा विस्फारतात, नजर थरथरते, चालताना तोल जातो, हृदयाचे ठोके वाढतात आणि भास होतात. एनएमडीए ग्राहक रोखले गेल्यामुळे व्यक्ती स्वतःच्या शरीरापासून तुटल्यासारखी होते. नॅलोक्सोनचा येथे भरवसा धरता येत नाही आणि श्वसनाला आधार देत लक्षणांवर उपचार करावे लागतात.

चयापचयाच्या बाबतीत मात्र या दोन औषधांची पुन्हा गाठ पडते. डेक्स्ट्रोमेथॉर्फनवर काम करणारे मुख्य विकरही सीवायपी-२डी६ हेच असून ते त्यापासून डेक्स्ट्रॉर्फन बनवते. परंतु अर्थ उलटा होतो. कोडीनमध्ये हे विकर अतिवेगवान असणे धोक्याचे, कारण त्यातून मॉर्फिन वाढते. डेक्स्ट्रोमेथॉर्फनमध्ये ते मंद असणे त्रासदायक, कारण मूळ औषध शरीरात दीर्घकाळ साचून राहते. संशोधक एखाद्या व्यक्तीतील या विकराची गती मोजण्यासाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फनची एक मात्रा देऊन लघवीतील दोन्ही द्रव्यांचे गुणोत्तर काढतात. खोकल्याचे औषध येथे जनुकीय फरकाचे मापक बनते.

डेक्स्ट्रोमेथॉर्फनची आणखी एक बाजू प्रश्नपत्रिकेत आणि रुग्णालयात दोन्हीकडे उपयोगी पडते. ते मेंदूतील सेरोटोनिनचे पुनर्ग्रहण रोखते. नैराश्यावरील फ्लुओक्सेटिनसारखी औषधे, मोनोअमाइन ऑक्सिडेज रोधके किंवा क्षयरोगाच्या प्रतिरोधी प्रकारात वापरले जाणारे लिनेझोलिड यांच्याबरोबर ते घेतल्यास सेरोटोनिनचा अतिरेक होऊन ताप, थरथर, स्नायूंचा ताठरपणा आणि गोंधळलेली मनःस्थिती उद्भवू शकते. फ्लुओक्सेटिन तर सीवायपी-२डी६ लाही रोखते, म्हणून तेथे दुहेरी अडचण होते.

बाटलीचे गणित आणि कायदा

या दोन औषधांना कायदा कसा हाताळतो हे समजण्यासाठी थोडे अंकगणित पुरेसे आहे. बाजारात सर्वपरिचित असलेल्या कोडीन सिरपमध्ये दर ५ मिलिलिटरला १० मिलिग्रॅम कोडीन फॉस्फेट असे. म्हणजे १०० मिलिलिटरच्या बाटलीत २०० मिलिग्रॅम, आणि संहती ०.२ टक्के. अमली औषधी द्रव्ये व मनःप्रभावी पदार्थ अधिनियम, १९८५ अंतर्गत १९८५ च्या अधिसूचनेने उपचारात रूढ असलेल्या कोडीनमिश्रणांना सूट दिली आहे. त्यासाठी प्रत्येक मात्रेत १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कोडीन नसावे आणि संहती २.५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, अशी अट आहे. ०.२ टक्क्यांचे सिरप या मर्यादेच्या बरेच आत राहते.

परंतु व्यसनी माणूस चमच्याने औषध घेत नाही. त्याने एक बाटली रिकामी केली तर दिवसाच्या कमाल मर्यादेच्या दीडपटीहून अधिक कोडीन एका घोटात पोटात जाते. संहतीवर आधारलेली सूट आणि बाटल्यांच्या संख्येवर चालणारा गैरवापर यांतील हे अंतर तपास यंत्रणांना आणि न्यायालयांना वर्षानुवर्षे सतावत आले. बांगलादेश सीमेवर कोडीन सिरपच्या हजारो बाटल्यांचे साठे वारंवार पकडले गेले आणि अशा मोठ्या साठ्याला अमली पदार्थ कायदा लागू होतो की केवळ औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० लागू होतो, यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत वाद झाले.

दुसरे पाऊल औषध नियमांतून आले. अनुसूची एच-१ ची अधिसूचना २०१३ मध्ये निघाली आणि १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली. कोडीन त्यात समाविष्ट आहे. या अनुसूचीतील औषध विकताना औषधविक्रेत्याने वेगळ्या नोंदवहीत डॉक्टरचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण लिहायचे असते आणि ती नोंदवही तीन वर्षे जपायची असते. मिश्रणांवरील कारवाईचा प्रवास अधिक वळणाचा आहे. बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू प्रा. चंद्रकांत कोकाटे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालावरून १० मार्च २०१६ रोजी ३४४ मिश्रणांवर बंदी आली आणि त्यात कोडीन-क्लोरफेनिरामिन होते. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी १ डिसेंबरला ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये प्रकरण औषध तांत्रिक सल्लागार मंडळाकडे पुनर्विचारार्थ पाठवले. वर उल्लेखिलेली २०२३ ची बंदी ही याच मालिकेतील पुढची कडी होय.

डेक्स्ट्रोमेथॉर्फनचे हिशेब याच रीतीने करून पाहता येतात. दर ५ मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असलेल्या ६० मिलिलिटरच्या बाटलीत १२० मिलिग्रॅम भरते. म्हणजे एक छोटी बाटली आणि प्रौढाची एका दिवसाची कमाल मर्यादा हे दोन्ही नेमके जुळतात. घरात दोन वर्षांचे मूल असेल तर हा आकडा कसा वाचायचा हे वेगळे सांगावे लागत नाही.

मुले आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन

‘कोडीन नाही, म्हणजे निर्धोक’ हा समज २०२१ मध्ये दिल्लीत महाग पडला. त्या वर्षी जून ते नोव्हेंबर या काळात कलावती सरन बालरुग्णालयात डेक्स्ट्रोमेथॉर्फनच्या विषबाधेची १६ मुले आढळली आणि त्यांतील तीन दगावली. बहुतेकांना हे औषध मोहल्ला क्लिनिकमधून मिळाले होते. त्यानंतर आरोग्य सेवा महासंचालनालयाने चार वर्षांखालील मुलांना हे औषध लिहू नये, असे दिल्ली सरकारला कळवले. येथे कोणत्याही विषारी भेसळीची गरज पडली नव्हती.

सर्दीच्या मिश्रणांबाबतही असाच इशारा १८ डिसेंबर २०२३ रोजी देण्यात आला. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे लेबलावर छापण्याचा आदेश भारताच्या औषध महानियंत्रकांनी काढला. कोल्ड्रिफमध्ये हेच दोन घटक पॅरासिटामॉलसोबत होते. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना दिली की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांत ती सामान्यतः शिफारसयोग्य नाहीत. पुरेसे पाणी, विश्रांती, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि एक वर्षावरील मुलांना मध, एवढ्यावर सर्दीचा बहुतेक खोकला निभावतो. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, कारण त्यातील बॉट्युलिझमच्या जंतूंचा धोका असतो.

औषध नव्हे, द्रावक

आता मूळ बाटलीकडे वळणे आवश्यक आहे. सिरपमध्ये औषध अगदी थोडे असते. उरलेला भाग साखर, पाणी आणि द्रावक यांचा. पॅरासिटामॉल पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून प्रोपिलीन ग्लायकॉल वापरतात. ते औषधी दर्जाचे असेल तर सुरक्षित आहे. डायएथिलीन ग्लायकॉल त्याच्यासारखेच रंगहीन, घट्टसर आणि चवीला गोड असते, पण ते औद्योगिक द्रव्य असून स्वस्त मिळते. दोघांत डोळ्यांनी, वासाने वा चवीने भेद करता येत नाही. तमिळनाडूच्या अधिकाऱ्यांनी कारखान्याची पाहणी केली तेव्हा औषधी दर्जाचे नसलेले प्रोपिलीन ग्लायकॉल वापरल्याचे आणि उत्पादनपद्धतीत शेकडो त्रुटी असल्याचे नोंदवले गेले.

४८.६ टक्के म्हणजे किती, हे चमच्यात मोजता येते. ५ मिलिलिटरच्या एका चमच्यात सुमारे २.४ ग्रॅम डायएथिलीन ग्लायकॉल. दिवसातून तीन वेळा दिल्यास ७.३ ग्रॅम. मूल १२ किलो वजनाचे असेल तर दर किलोला दिवसाला ०.६ ग्रॅम विष जाते, आणि सिरप दोन-तीन दिवस चालू राहते. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. त्या मर्यादेतील चमच्यात ५ मिलिग्रॅम एवढेच राहील.

यकृतात डायएथिलीन ग्लायकॉलपासून डायग्लायकॉलिक आम्ल तयार होते आणि ते मूत्रपिंडातील नलिकांच्या पेशी मारते. प्रारंभी उलट्या व पोटदुखी होते, ती मूळ आजाराचीच वाटते. एक ते तीन दिवसांत लघवी कमी होते, मग थांबते आणि रक्तातील क्रिएटिनिन झपाट्याने चढते. सर्दीचे मूल बरे होण्याऐवजी लघवी करेनासे होते, हा या विषबाधेचा सर्वांत बोलका संकेत आहे. छिंदवाड्यात आरंभी संसर्गाचा संशय घेतला गेला. पाण्याचे नमुने तपासले गेले आणि रुग्णांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले. मूत्रपिंडाच्या बायोप्सीत नलिकांची हानी दिसल्यावर संशयाची दिशा औषधाकडे वळली.

अशी घटना भारताला नवी नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस तेव्हाच्या मद्रासमधील एग्मोर येथील बालरुग्णालयात याच विषाने मुले दगावली होती. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. प्रत्येक वेळी दोष कच्च्या मालात होता, आणि तो वायू-वर्णलेखन किंवा पातळ थर वर्णलेखन या चाचण्यांनी पिंप उघडताच सापडला असता. भारतीय नियमांनुसार उत्पादकाने कच्च्या मालाची प्रत्येक खेप आणि तयार औषधाची प्रत्येक बॅच वापरापूर्वी व विक्रीपूर्वी तपासणे बंधनकारक आहे. औषध महानियंत्रकांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना पाठवलेल्या पत्रात याच नियमाच्या अंमलबजावणीची खातरजमा करण्यास सांगितले.